वॉरंटीतला बिघडलेला मिक्सर आणि एक तक्रारपत्र : कामाच्या नोंदी

२४ मार्च २०२५

संध्याकाळी ताईचा फोन आला. मिक्सर बिघडला आणि जळका वास घरभर पसरला आहे, असं ती घाबरून सांगत होती. मी पूर्वी सहा वर्षं मोटर रिवाइंडिंगच्या कामात होतो, त्यामुळे घरातलं काहीही फिरायचं थांबलं की पहिला फोन मलाच येतो.

तिला म्हटलं, आधी कागद-पेन घे आणि मी विचारतो त्याची उत्तरं आत्ताच लिहून ठेव. उद्यापर्यंत निम्मं विसरायला होतं, आणि जे उरतं त्यात इतरांचे अंदाज मिसळतात. तिने लिहिलेलं असं: मोठं भांडं लावलं होतं, निम्म्याहून कमी भरलेलं, ओलं वाटण, बटण दोनवर. साधारण एका मिनिटात आवाज बदलला, वेग उतरला, खालच्या जाळीतून नारिंगी ठिणग्या दिसल्या, मग वास आला. तिने लगेच बंद केला. अर्ध्या तासाने रिकामाच चालू करून पाहिला, तर झटके देत फिरला. वेग काही घेतला नाही आणि ठिणग्या पुन्हा आल्या.

"खालचं लाल बटण बाहेर आलं होतं का?" मी विचारलं.

"नाही रे. मी उलटा करून पाहिला. आतच होतं."

हे उत्तर तिच्याकडून शब्दश: लिहून घेतलं. पुढे त्याचा उपयोग होणार होता.

मग दोनच गोष्टी बजावल्या. पुन्हा चालू करून बघायचा नाही, आणि तळाचे स्क्रू कुणालाही काढू द्यायचे नाहीत. एका स्क्रूवर कंपनीचा छोटा कागद चिकटवलेला असतो. तो फाटला की मशीन आधीच उघडलं होतं असं धरतात आणि वॉरंटीवर बोलणंच संपतं.

२५ मार्च

ताई सकाळीच दुकानात जाऊन आली. दुकानदार चांगलं बोलले. "मॅडम, आमचा माणूस रजेवर आहे, पुढच्या आठवड्यात मिक्सर घेऊन या, बघतो." तिला वाटलं काम झालं.

मी बिल बघायला मागितलं. खरेदी ९ एप्रिल २०२३ ची. कार्डावर लिहिलंय, विक्रीच्या तारखेपासून २४ महिने. म्हणजे ८ एप्रिल हा शेवटचा दिवस, आणि आजचा धरून हातात पंधरा दिवस. "पुढच्या आठवड्यात" म्हणजे त्यातले सात गेलेच. त्यात दुकानातला माणूस आणखी चार दिवसांनी आला, मशीन पुढे पाठवायला उशीर झाला, की मुदत उलटते. आणि आज ताई दुकानात गेली होती याचा एकही कागद कुठे नाही. दुकानदारांच्या मनात काही वाईट आहे असं मला वाटत नाही. पण तीन आठवड्यांनी त्यांनाही आजची तारीख आठवणार नाही.

म्हणून पत्र लिहायचं ठरलं. बिल ताईच्या नावावर आहे, तर पत्रही तिच्याच नावाने.

वॉरंटी कार्ड आज पहिल्यांदाच नीट वाचलं. कंपनी सदोष भाग विनामूल्य दुरुस्त करेल किंवा बदलून देईल, एवढंच वचन त्यात आहे. पैसे परत करू असं कुठेही म्हटलेलं नाही. वगळलेल्या गोष्टींत भांडी, पाती, पात्याचा दांडा ज्यात फिरतो तो भांड्याच्या तळाचा बुश, मोटरला भांडं जोडणारा कपलर आणि कार्बन आहेत. शिवाय जास्त भार, आत गेलेलं पाणी आणि बाहेरच्या माणसाने केलेली दुरुस्ती यांमुळे झालेला बिघाड. कार्ड विक्रीच्या वेळी भरायचं असतं. यावर दुकानाचा शिक्का होता, पण अनुक्रमांकाची जागा कोरीच राहिली होती. मशीनच्या तळाच्या पट्टीवरचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक जुळवून पाहिला. सुदैवाने बिलावर तो होता. नसता, तर हेच मशीन त्या बिलाचं आहे हे आधी सिद्ध करावं लागलं असतं.

२६ मार्च

आज मिक्सर प्रत्यक्ष पाहिला. न उघडता जेवढं कळतं तेवढंच.

माझ्या अनुभवात अशा तक्रारीला समोरून तीनपैकी एक उत्तर येतं: कार्बन गेला, पाणी गेलं किंवा ओव्हरलोड झाला. तिन्ही वॉरंटीबाहेर. म्हणून पत्रात काय लिहायचं ते ठरवण्याआधी या तिन्हींची खूण आपल्याकडे दिसते का, ते बघायचं होतं.

कार्बन म्हणजे कम्युटेटरवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर, घासत वीज आत पोचवणाऱ्या दोन कांड्या. त्या झिजून आखूड झाल्या की स्प्रिंगचा दाब कमी पडतो, मशीन कधी चालतं कधी नाही, हलकेच ठोकलं की पुन्हा सुरू होतं. तारांवरचं वार्निश जळल्याचा वास सहसा येत नाही. इथे वास पहिल्याच दिवशी आला, आणि ठोकून काही फरक पडला असता अशी ती लक्षणं नव्हती.

प्लग भिंतीतून काढलेला होता. प्लगच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावला, बटण तीनवर ठेवलं आणि वरचा कपलर हाताने अगदी सावकाश फिरवला. आर्मेचर म्हणजे तारांची वेटोळी गुंडाळलेला मोटरचा फिरता भाग. तो निरोगी असला की आकडा जवळजवळ स्थिर राहतो. इथे बहुतेक जागी ३१ ओहम येत होते, आणि एका फेऱ्यात दोन जागी एकदम २४. त्या दोन जागा बरोबर समोरासमोर होत्या. दहा वेळा फिरवलं, दहाही वेळा त्याच जागी. कार्बन नीट टेकत नसता तर आकडा कुठेही उडाला असता. ठरलेल्या दोन जागी उतरतोय, याचा अर्थ आर्मेचरचं एक वेटोळं कुठेतरी तुटलं आहे. ते तुटल्यामुळे विजेच्या दोन वाटांपैकी एक बंद पडते आणि रोध वाढतो. तुटलेल्या वेटोळ्याच्या दोन पट्ट्यांवर कार्बन एकाच वेळी टेकला की ती फट तेवढ्यापुरती जोडली जाते आणि आकडा उतरतो. कार्बन दोन, म्हणून फेऱ्यात दोन जागा. मशीन चालू असताना त्या पट्ट्या कार्बनखालून सरकल्या की तिथे मोठी ठिणगी पडते. ताईने पाहिलेला नारिंगी रंग तो. चांगल्या मिक्सरमध्येही बारीक निळसर ठिणग्या असतातच, त्यांना घाबरायचं कारण नाही.

एकच वेटोळं तुटणं हे बहुतेक वेळा जोडाचं काम असतं. तारेचं टोक कम्युटेटरच्या पट्टीवरच्या हुकात नीट दाबलं गेलेलं नसलं, की तो जोड थोडा थोडा तापत राहतो आणि वर्ष-दोन वर्षांनी सुटतो. ओव्हरलोडने जळलेलं आर्मेचर अगदी वेगळं दिसतं. त्यात सगळीच वेटोळी सारखी काळी पडलेली असतात, कारण जास्त प्रवाह सगळ्यांतूनच वाहिलेला असतो.

हे सगळं मला कळलं, पण ते पत्रात जाणार नाही. ग्राहकाने पत्रात निदान लिहिलं की समोरच्याला वाद घालायला विषय मिळतो. शिवाय "मशीन उघडलं होतं का?" हा प्रश्नही येतो. पत्रात फक्त डोळ्यांनी दिसलेलं, कानांनी ऐकलेलं आणि नाकाला कळलेलं जाईल. मीटरचे आकडे माझ्या वहीत राहतील. ते मला एवढंच सांगतात की तपासणीची मागणी आग्रहाने करायला हरकत नाही.

२७ मार्च

पाण्याचा प्रश्न उरला होता. भांड्याच्या तळाचा बुश गळायला लागला की थेंब कपलरवर पडतात आणि तिथून दांड्यालगत खाली मोटरमध्ये जातात. ते तपासायची साधी पद्धत आहे. भांडं निम्मं पाण्याने भरायचं, बाहेरून कोरडं पुसायचं आणि कोरड्या वर्तमानपत्रावर दोन तास ठेवून द्यायचं. भाचीने तिन्ही भांडी ओळीने मांडली आणि आधीचे फोटो काढून ठेवले.

मोठ्याखालचा कागद कोरडा. मधल्याखालचा कोरडा. लहान भांड्याखाली मात्र रुपयाएवढं ओलं वर्तुळ उमटलं होतं.

ताईचा चेहरा उतरला. "आता हे लिहिलं तर ते म्हणणार पाणीच गेलंय. नको लिहूया."

तिची भीती चुकीची नव्हती. मी बॅटरी घेऊन कपलरभोवती पाहिलं. बाहेरच्या खोलगट भागात सुकलेला एक पातळ डाग होता. तिथून पाणी बाहेर पडायला भोक असतं, ते मोकळं होतं. दांड्यावर गंज नव्हता. म्हणजे थोडी गळती झाली असावी, पण ती बाहेरच्या बाहेर निघून गेली असावी. आत काय आहे ते उघडल्यावरच कळणार.

तरी लिहायचंच, असं मी तिला सांगितलं. मशीन उघडणाऱ्याला तो डाग पहिल्या मिनिटात दिसेल. आपण न सांगता त्याला दिसला, तर बाकीच्या पत्रावरचाही त्याचा विश्वास जाईल. आपण आधीच सांगितलं आणि "आत ओल गेली आहे का ते तपासून लेखी कळवा" असं म्हटलं, तर त्याला खरंच तपासावं लागेल. नुसता वरचा डाग दाखवून काम भागणार नाही. शिवाय ती गळती खरी आहे, आणि खरी गोष्ट लपवून मागितलेली दुरुस्ती मला नको आहे. भाची म्हणाली, "मामा, मग फोटोही जोडूया." जोडला.

संध्याकाळी ताईने पत्राचा पहिला मसुदा लिहिला. पूर्ण पानभर. त्यात तिला झालेला त्रास होता, इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक असूनही मिळालेली वागणूक होती, निकृष्ट माल गळ्यात मारल्याचा आरोप होता. तिचा संताप मला समजतो. रोज हाताशी लागणारी वस्तू बंद पडली की अख्ख्या दिवसाचं गणित बिघडतं. पण पानभर मजकुरात तारीख एकच होती, बिल क्रमांक नव्हता आणि नेमकं काय हवंय ते कुठेच नव्हतं. वाचणाऱ्याने पुढे काय करायचं?

एका वाक्यावर आम्ही बराच वेळ थांबलो. तिने लिहिलं होतं, "वापरता वापरता मोटर जळाली." बोलताना आपण सगळेच असं म्हणतो. पण दुरुस्तीच्या टेबलावर "मोटर जळाली" याचा अर्थ भार जास्त झाला असाच घेतला जातो. ग्राहकाचेच शब्द जॉब शीटच्या तक्रारीच्या रकान्यात उतरवतात, आणि कारण तिथेच ठरून जातं. मी स्वत: अशा किती शीट भरल्या आहेत. म्हणून ते वाक्य बदललं: "मोटरच्या भागातून जळका वास आला." वास आला हे तिला माहीत आहे. काय जळलं ते तिला माहीत नाही.

२८ मार्च

पत्र पक्कं झालं. दोन प्रती काढल्या.

प्रति,
व्यवस्थापक,
(दुकानाचे नाव व पत्ता)

दिनांक : २८ मार्च २०२५

विषय : वॉरंटी मुदतीत बिघडलेल्या मिक्सरची तपासणी व विनामूल्य दुरुस्ती करून मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या दुकानातून ९ एप्रिल २०२३ रोजी (कंपनी व मॉडेल) हा मिक्सर खरेदी केला. बिल क्रमांक (…), मशीनचा अनुक्रमांक (…). वॉरंटीची मुदत २४ महिने असून ती ८ एप्रिल २०२५ पर्यंत आहे.

दिनांक २४ मार्च २०२५ रोजी सायंकाळी मोठे भांडे निम्म्यापेक्षा कमी भरून, दुसऱ्या वेगावर मिक्सर चालवत असताना सुमारे एका मिनिटात त्याचा वेग कमी झाला, खालील जाळीतून नारिंगी ठिणग्या दिसल्या व मोटरच्या भागातून जळका वास आला. मी मिक्सर तत्काळ बंद केला. अर्ध्या तासाने रिकामा चालू केला असता तो झटके देत फिरला व वेग घेऊ शकला नाही. दोन्ही वेळा तळाचे लाल ओव्हरलोड बटण बाहेर आले नव्हते. त्यानंतर मिक्सर वापरलेला नाही. तो कोठेही उघडलेला नाही. तळाचा सीलचा कागद शाबूत आहे.

दिनांक २५ मार्च रोजी मी आपल्या दुकानात येऊन ही तक्रार तोंडी सांगितली होती.

लहान भांड्याच्या बुशातून किंचित गळती होत असल्याचे मला २७ मार्च रोजी आढळले. बिघाडाच्या वेळी ते भांडे लावलेले नव्हते. तरीही मोटरमध्ये ओल गेली आहे किंवा नाही, हे तपासून लेखी कळवावे.

माझी विनंती अशी :
वॉरंटीच्या अटींनुसार मिक्सरची तपासणी करून तो पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा. दुरुस्ती शक्य नसल्यास सदोष भाग बदलून द्यावा. हा बिघाड वॉरंटीत बसत नाही असे आपले मत झाल्यास, त्याचे कारण लेखी द्यावे व काढलेला भाग मला दाखवावा.

सोबत बिल व वॉरंटी कार्डाच्या छायाप्रती आणि चार छायाचित्रे जोडली आहेत.

आपली,
(सही, नाव, पत्ता, फोन)

लाल बटणाच्या ओळीबद्दल थोडं. त्या बटणामागे दोन धातूंची जोडपट्टी असते. प्रवाह जास्त वेळ जास्त राहिला की ती तापून वाकते, वाट तुटते आणि बटण बाहेर येतं. भार खरोखर जास्त झाला असता तर वाइंडिंग जळायच्या आधी ते बटण उडायला हवं होतं. ते उडालं नाही, तर एक तर भार जास्त नव्हता, किंवा बटणच सदोष आहे, आणि तेही कंपनीचंच. मात्र हा काही अखेरचा पुरावा नाही. थोडासा जास्त भार रोज बराच वेळ पडत राहिला तर बटण न उडताही वाइंडिंग हळूहळू करपतं. म्हणूनच पत्रात फक्त निरीक्षण ठेवलं, निष्कर्ष नाही.

पैसे परत मागायचा ताईचा विचार होता. मी तो बाजूला ठेवायला लावला. कार्डात जे वचन आहे तेच पहिल्यांदा मागितलं की समोरच्याला नाही म्हणायला जागा उरत नाही.

२९ मार्च

ताईबरोबर मीही दुकानात गेलो. मशीन, तिन्ही भांडी आणि पत्राच्या दोन प्रती घेतल्या होत्या.

दुकानदारांनी पत्र वाचलं आणि बाजूला ठेवलं. "ठीक आहे, बघतो." दुसऱ्या प्रतीवर पोच द्या म्हटल्यावर जरा कचरले. "सही कशाला? आपल्यात काय एवढं?"

मी म्हटलं, "काका, तुम्ही चूक मान्य केली असा याचा अर्थ होत नाही. पत्र आणि मशीन आज मिळालं, एवढंच लिहा. पुढे कंपनीने उशीर केला तर तुम्हालाही हाच कागद दाखवता येईल."

हे पटलं त्यांना. दुकानदार मध्ये असतो, बिघाड त्याने केलेला नसतो, आणि कंपनीशी त्यालाही भांडावं लागतं. त्यांनी प्रतीवर शिक्का मारला, "पत्र व मिक्सर, तीन भांड्यांसह मिळाले" असं लिहिलं आणि तारखेसह सही केली.

घरी आल्यावर त्याच पत्राचा फोटो कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेलने पाठवला. तासाभरात तक्रार क्रमांक आला. तो पोच प्रतीच्या मागे लिहून ठेवला.

५ एप्रिल

सात दिवस झाले. फोन केला. दुकानातला माणूस परत आला आहे, पण मशीन अजून तिथेच पडून आहे. चार ओळींचं स्मरणपत्र दिलं. मूळ पत्राची तारीख, पोच मिळाल्याची तारीख, तक्रार क्रमांक आणि "अद्याप तपासणी झालेली नाही" एवढंच. त्याचीही पोच घेतली.

११ एप्रिल

ज्याची धास्ती होती तेच झालं. सर्व्हिस सेंटरमधून ताईला फोन आला: मिक्सर आज आला आहे, वॉरंटी ८ तारखेलाच संपली, आर्मेचरचा खर्च तुम्हाला भरावा लागेल, चालेल का? ताई "हो" म्हणणार होती, कारण तिला वाटलं की आता काही इलाज नाही. तिने आधी मला फोन केला हे फार बरं झालं.

१२ एप्रिल

सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलाने जॉब शीट दाखवली. तक्रारीची तारीख ११ एप्रिल. तो उद्धटपणे वागत नव्हता. संगणकात मशीन आत आल्याची तारीख आपोआप पडते आणि वॉरंटी त्यावरूनच मोजली जाते. दुकानातून यायला तेरा दिवस लागले हे त्या चौकटीला कळत नाही.

मी पोच प्रत पुढे ठेवली. २९ मार्चचा शिक्का, मशीन मिळाल्याची नोंद आणि मागे तक्रार क्रमांक. त्याने क्रमांक टाकून पाहिला. कंपनीच्या नोंदीत तक्रार २९ मार्चलाच आलेली होती. वरिष्ठांना फोन लावून झाला. दहा मिनिटांनी त्याने शीट रद्द करून नवी काढली. तक्रारीची तारीख २९ मार्च, वॉरंटीत.

पोच घेतली नसती तर माझ्याकडे तिथे बोलायला काहीच नव्हतं. दुकानदारांची आठवण आणि ताईची आठवण, एवढ्यावर कुणी शीट बदलत नाही.

नव्या शीटमध्ये तक्रारीच्या रकान्यात त्याने सवयीने "मोटर जळाली" असं टाइप केलं होतं. पत्रातल्या ओळी वाचून दाखवल्या आणि बदलून घेतलं: "कमी वेग, ठिणग्या, जळका वास, ओव्हरलोड बटण बाहेर आलेले नाही."

१७ एप्रिल

आर्मेचर काढल्याचा फोन आला. काढलेला भाग दाखवावा असं पत्रात होतं, म्हणून मुद्दाम गेलो.

मेकॅनिक मनमोकळा माणूस होता. "दादा, ओव्हरलोडच लिहितो, नेहमी तेच असतं," म्हणाला. मी आर्मेचर हातात मागितलं आणि त्याच्यासमोर उजेडात सावकाश फिरवलं. वेटोळ्यांवरचं वार्निश सगळीकडे मूळच्या पिवळसर रंगाचं. कम्युटेटरच्या पट्ट्यांपैकी फक्त दोन शेजारच्या पट्ट्या काळ्या आणि कडेला खाल्लेल्या. त्यातल्या एका पट्टीच्या हुकात तारेचं टोक सुटं होतं, आजूबाजूचं वार्निश तेवढ्यापुरतंच करपलेलं. कार्बन अजून भरपूर लांब आणि एकसारखे झिजलेले. वरच्या बेअरिंगखाली ओलीची किंवा गंजाची खूण नाही.

त्याने भिंग लावून पाहिलं, आणि दोन मिनिटं गप्प राहिला. "जोड सुटलाय," तोच म्हणाला. शीटवर त्याने स्वत:च्या हाताने लिहिलं: आर्मेचरचा जोड सुटा, पाण्याची खूण नाही, ओव्हरलोडची खूण नाही. मी त्या आर्मेचरचा फोटो घेतला. एखाद्याने खरंच पाहून आपलं मत बदललं की मनापासून बरं वाटतं, ते त्याला तिथेच सांगितलं.

लहान भांड्याचा बुश कार्डाप्रमाणे वॉरंटीबाहेर आहे. त्यावर वाद घातला नाही. तो बदलून मागितला, पैसे भरले आणि पावती वेगळी घेतली, म्हणजे पुढे दोन कामांची सरमिसळ व्हायला नको.

१९ एप्रिल

मशीन घ्यायला ताई आणि मी गेलो. सही करण्याआधी तिथेच चालवून पाहिलं. आधी रिकामं, तिन्ही वेगांवर काही सेकंद. मग मोठं भांडं निम्मं पाणी घालून दोन मिनिटं. पहिल्यांदा जाळीतून जरा जास्त ठिणग्या दिसल्या आणि ताईने माझा हात धरला. कार्बन नव्या कम्युटेटरवर बसायला थोडा वेळ लागतो, तोवर असं होतं. दुसऱ्या फेरीत त्या बारीक आणि निळसर झाल्या. वास नाही, आवाज एकसारखा.

शीटवर बदललेल्या भागाचं नाव होतं, पण त्याच्या मुदतीबद्दल काहीच नव्हतं. मूळ वॉरंटी संपलेली असल्यामुळे हे विचारणं भाग होतं. सर्व्हिस सेंटरने नव्या आर्मेचरसाठी तीन महिने मान्य केले. ते तोंडी नको म्हणून शीटवर लिहून शिक्का घेतला. तळाचे स्क्रू लावल्यावर नवा सीलचा कागद लावलाय ना, तेही पाहून घेतलं.

येताना दुकानात थांबलो. दुकानदारांना शीटची एक प्रत दिली. त्यांनी ती वाचली आणि जोड सुटल्याची ओळ दोनदा वाचली. याच मॉडेलचं आणखी एक मशीन तशाच तक्रारीने त्यांच्याकडे आलेलं आहे म्हणे. आता ते मशीन पाठवताना आर्मेचरकडे नीट बघायला सांगणार आहेत.

घरी लहान भांडं पुन्हा निम्मं भरून वर्तमानपत्रावर ठेवलं. दोन तासांनी कागद कोरडा होता. बिल, कार्ड, दोन्ही पोच प्रती, जॉब शीट आणि बुशाची पावती एका पाकिटात घातली. पाकिटावर ताईने तिच्या अक्षरात लिहिलं: आर्मेचर, १८ जुलै २०२५ पर्यंत.